पांढऱ्या कागदावरचा किडा

माझ्या बायकोला दिवसभर लोक किड्यांचे फोटो पाठवतात. म्हणजे पाठवायचे. लग्न ठरताना कुणी मला हे सांगितलं असतं तर मी हसलो असतो. कीडनियंत्रण करणाऱ्या एका कंपनीत ती बसायची. टेबल, खुर्ची, मोठ्या पडद्याचा संगणक आणि एक फोन नंबर, जो कंपनीने कॅलेंडरांवर, पिशव्यांवर, दिसेल तिथे छापला होता. कुणाच्या तांदळात काही वळवळलं, कुणाच्या दुकानातल्या पोत्याला जाळी धरली, की लोक फोटो काढायचे आणि त्या नंबरवर पाठवून मोकळे व्हायचे. फोटो म्हणजे तरी काय, अंधाऱ्या डब्याच्या तळाशी एक काळा ठिपका. तो किडा आहे की करपलेला दाणा, हे सांगायचा तिला पगार मिळायचा. ऑफिसात तिला किडेताई म्हणत. ते नाव आमच्या गल्लीतही पोचलं. तिला त्याचं काही वाटत नसे, मला मात्र वाटायचं.

तिचं काम मी पुष्कळदा शेजारी बसून पाहिलं आहे. ठिपक्याचा फोटो आला की तिचं उत्तर ठरलेलं. त्यातला एकच किडा उचला, पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी एखादं नाणं ठेवा म्हणजे लांबी कळेल, आणि उजेडात एक वरून आणि एक बाजूने असे जवळून फोटो काढा. बाजूने का, तर सोंड्या, म्हणजे धान्यातला सोंडवाला किडा, मेला की पाय आणि सोंड पोटाशी घेतो. वरून पाहिलं तर तो साधा भुंगा वाटतो आणि माणूस फसतो. असे फोटो आले की ती ते पडद्यावर किडा मावेल तेवढे मोठे करायची. बाकीचं सगळं कापलं जायचं, डबा, टेबल, माणसाची बोटं. ती म्हणायची, "मला किडा दाखवा, घर नको." मला त्या वाक्याचं फार कौतुक होतं.

मी गिरणीवाला. माझी गिरणी म्हणजे कोपऱ्यावरची चक्की नव्हे. रोलरची, मैद्याची. एका बाजूने गहू आत, दुसऱ्या बाजूने शिवलेली पोती बाहेर. गहू यायचा बायकोच्या थोरल्या भावाच्या गोदामातून. आमचे मेव्हणे धान्याचे मोठे व्यापारी, स्वतःचा ट्रक, गोदामामागेच घर, घरात सासूबाई. त्यांचाच ट्रक मला गहू टाकायचा आणि परत जाताना माझा मैदा बेकरीला पोचवायचा. गावातल्या शाळांना, दुकानांना, खानावळींना पाव पुरवणारी एकच बेकरी. माझा जवळजवळ सगळा मैदा तिथेच जायचा. ती बेकरी होती म्हणून गिरणी होती, आणि गिरणी होती म्हणून सासरी माझ्या बोलण्याला थोडं वजन होतं. हे मी आजच कबूल करतो आहे असं नाही, सगळ्यांना माहीत होतं.

एकदा सगळे सासरी जेवायला जमलो होतो. सासूबाईंनी गव्हाचा डबा पुढे करून लेकीला विचारलं की हे काय झालंय. झालं, बाईसाहेबांचा वर्ग सुरू झाला. तिने मूठभर गहू टेबलावर पसरला आणि दाण्यांना पडलेली गोल भोकं दाखवली. सोंड्याची मादी अख्खा दाणा कुरतडून आत अंडं घालते आणि भोक लिंपून टाकते. अळी आतच खाते, आतच वाढते, आणि शेवटी सोंडवाला किडा दाणा फोडून बाहेर येतो. त्यामुळे सोंडे निघाले तर समजायचं, दोष धान्याचा. पिठातला तांबडा भुंगेरा वेगळा. चपटा, तांबूस, तांदळाच्या दाण्याच्या निम्मा, सोंड नाही. अख्खा दाणा त्याला पेलवत नाही. त्याला पीठ लागतं, कणी लागते, भुसा लागतो. मैद्याच्या बंद पोत्यात भुंगेरे निघाले तर धान्यवाल्याला बोलायचं नाही, गिरणीवाल्याला धरायचं.

"म्हणजे दाजींना," मेव्हणे म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. जावयाची थट्टा चालायचीच. पण मेव्हण्यांनी तिला पुन्हा एकदा नीट सांगायला लावलं, सोंड्या कुठे, भुंगेरा कुठे. मला वाटलं, एवढा पैसेवाला माणूस बहिणीचं इतकं मन लावून ऐकतो, चांगलं आहे. माझ्या अकलेचे दिवे असे भर दुपारी लागतात.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी बेकरीच्या मालकांचा फोन आला. ते कधी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाले, आज आलेल्या पोत्यात किडे निघालेत, ट्रक तसाच परत पाठवतोय, पुढचा माल पाठवू नका. मी म्हटलं, साहेब, गव्हात असतील, मी आत्ता मेव्हण्यांना विचारतो. ते म्हणाले, "आम्ही विचारून घेतलंय. तज्ज्ञांकडून." आणि त्यांच्या स्टोअरकीपरला आलेलं उत्तर त्यांनी मला वाचून दाखवलं. फोटोतला किडा पिठातला तांबडा भुंगेरा आहे. तो अख्ख्या गव्हात वाढत नाही. पोतं आजच आलेलं आणि शिवण शाबूत असेल तर लागण गिरणीत झाली आहे. पुरवठादाराची यंत्रं आणि पोतं भरायची नळी तपासून घ्या.

ते उत्तर कुणाच्या हातचं आहे हे मला पहिल्याच वाक्यात कळलं. मी ते वाक्य सासरी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं होतं. बेकरीच्या स्टोअरकीपरने कंपनीच्या नंबरवर फोटो पाठवला होता, समोर माझीच बायको बसली होती, आणि पोतं कुणाचं हे त्याने सांगितलं नव्हतं. तिनेही विचारलं नव्हतं. ती कधीच विचारत नसे.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. मी काय काय बोललो ते सगळं सांगण्यासारखं नाही. घर बुडवलंस म्हटलं, माहेरच्यांना वाचवायला नवऱ्याला खड्ड्यात घातलंस म्हटलं. पोतं माझं आहे हे तिला त्या क्षणी कळलं. तिचा चेहरा पांढरा पडला. ती खांद्यावरची पिशवी न काढता खुर्चीवर बसली. एवढं होऊनही माघार घ्यायचा तिचा स्वभाव नाही.

"किडा भुंगेराच होता," ती म्हणाली. "तुमचं पोतं आहे म्हणून त्याला सोंड कुठून आणू?"

मी जेवलो नाही. तीही जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गिरणी बंद ठेवली आणि कामगारांना घेऊन सगळी यंत्रं उघडली. ती रजा टाकून आली. मी नको म्हटलं नाही, ये असंही म्हटलं नाही. आधी पोतं भरायची नळी सोडवली. आत हात घातला, मऊ कोरडा मैदा, एकही किडा नाही. चाळण्यांच्या चौकटी एकेक करून उतरवल्या, पांढऱ्या कापडावर झटकल्या. काही नाही. माझी मान ताठ व्हायला लागली. मग मैदा वर नेणाऱ्या बादल्यांच्या पट्ट्याचा खालचा पेटारा उघडला आणि ती मान पुन्हा खाली गेली.

तिथे जुना मैदा साचून गठ्ठे झाले होते. गठ्ठे एकमेकांना बारीक रेशमी धाग्यांनी चिकटलेले, उचलले तर जाळ्यासकट लोंबायला लागले. आत तपकिरी डोक्याच्या मळकट पांढऱ्या अळ्या. झाकण उघडल्यावर दोन-तीन करडे पतंग भिरभिरत छताकडे गेले. पेटारा साफ करायचा म्हणून मी कितीतरी दिवस नुसतं म्हणत होतो. कामगार माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने फोटो काढले. इथे कुणी सांगायला लागत नव्हतं, तरी सवयीने एक अळी कागदावर ठेवली, शेजारी नाणं. मग म्हणाली, हा पिठातला पतंग आहे. पंखावर काळपट नागमोडी रेषा आहेत, जाळी याचीच. आणि फोन हातात तसाच धरून ती बराच वेळ त्या पेटाऱ्याकडे पाहत राहिली. मी म्हटलं, बघ पोटभर, मिळाला ना पुरावा. ती म्हणाली, "इथे पतंग आहे आणि भुंगेरा एकही नाही. तिथे भुंगेरेच भुंगेरे आणि जाळीचा एक धागा नाही. असं कसं?"

आम्ही तसेच तिच्या ऑफिसात गेलो. तिने बेकरीकडून आलेले फोटो पडद्यावर लावले. तिने मागवलेले जवळचे फोटो आधी पाहिले, पांढरा कागद, नाणं, एक तांबूस किडा. वरून, बाजूने. सोंड नाही. त्यात शंकेला जागाच नव्हती. मग तिने सगळ्यात पहिला फोटो उघडला, तिने मागवण्याआधी स्टोअरकीपरने स्वतःहून पाठवलेला. त्याने पोत्याच्या तोंडाकडचा मैदा टेबलावर ओतून लांबून फोटो काढला होता. अंधुक होता, म्हणून तिने त्या दिवशी तो बाजूला टाकला होता. तिने तो मोठा केला. किडा नाही, सगळा फोटो. कोपऱ्या-कोपऱ्यातून ती हळूहळू सरकत गेली.

मैद्यात पिवळे कण होते. थोडेच, पण स्पष्ट. मक्याची भरड. मी जन्मात मका दळलेला नाही. आणि टेबलाच्या कडेला दोन किडे वेगळे पडले होते, जास्त काळपट, पाठीवर चार फिकट ठिपके. त्यातला एक कुशीवर पडला होता आणि त्याची सोंड दिसत होती.

ती मला समजावल्यासारखं बोलायला लागली, पण मला वाटतं, स्वतःलाच सांगत होती. भुंगेरा चाळणीच्या पुढे, नळीत साचलेल्या मैद्यात वाढू शकतो, म्हणून तो पोत्यात आला तर पटतं. सोंड्याला वाढायला दाणा लागतो. तो गव्हाबरोबर आला असता तर रोलरखाली चिरडला असता, आणि अख्खा उरला असता तरी मैद्याच्या चाळणीतून गेला नसता. म्हणजे हे किडे पोतं भरल्यावर आत पडले आहेत. सोंडे, भुंगेरे आणि मक्याची भरड एकत्र कुठे असतात? गोदामाच्या झाडलोटीत.

मका कुठल्या गोदामात असतो हे तिला विचारायची गरज नव्हती. मेव्हणे मागच्या खोलीत कोंबड्यांच्या खाद्यासाठी मका ठेवायचे. पोती शिवायचं हातातलं मशीनही तिथेच खुंटीला लटकलेलं असायचं. आणि गिरणीतून निघालेला ट्रक बेकरीला जाण्याआधी रोज गोदामावर थांबायचा. तिने संगणक बंद केला, आणि पडदा काळा झाल्यावरही त्याच्याकडे बघत बसली. मला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. आदल्या संध्याकाळी जे बोललो होतो त्यामुळे ठेवता आला नाही.

तिने स्टोअरकीपरला फोन करून एकच विचारलं, आमचा नंबर तुम्हाला कुणी दिला? तो बिचारा सरळ माणूस. म्हणाला, ट्रकबरोबर त्या दिवशी धान्याचे शेठ स्वतः आले होते, त्यांनीच दिला. म्हणाले, इथे विचारा, इथे कुणाची भीडमुर्वत न ठेवता खरं सांगतात.

मेव्हण्याला अहो-जाहो करणं मी तिथपासून सोडलं. गोदामावर गेलो तेव्हा तो खुर्चीत बसून चहा पीत होता. आम्हाला पाहून त्याने आणखी दोन कप मागवले. बहिणीने फोटो पुढे धरला, पिवळे कण दाखवले, सोंड्या दाखवला. त्याने सगळं शांतपणे पाहिलं, मागच्या वेळी टेबलावर पाहिलं होतं तसंच.

"तू भुंगेरा म्हणालीस, तो भुंगेराच होता ना?" त्याने विचारलं.

"होता."

"मग तू खोटं सांगितलं नाहीस. मी तर एक शब्द बोललो नाही. त्या फोटोत माझा हात दिसतोय का कुठे?"

ती म्हणाली, दादा, पोतं तू उघडलंस. तो नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. त्याने आपलं गणित मांडलं. दाजींची गिरणी आज ना उद्या बसणारच. जुनी यंत्रं, चार माणसांचा कारभार. लांबच्या एका मोठ्या गिरणीचा मैदा तो आणणार होता, बेकरीशी बोलणं झालं होतं, फक्त मालक जुन्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला कचरत होते. त्यांना एक कारण हवं होतं. दाजींना उपाशी थोडंच मरू देणार, गोदामावर देखरेखीला घेईन की. हे सगळं तो माझ्यासमोर बोलला, मी खोलीत नसल्यासारखा. मी उठलो. त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. मी कप उचलून जमिनीवर ठेवला, एवढंच माझ्याने झालं.

सासूबाई आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन लेकीला म्हणाल्या, घरातलं घरात ठेवा, बाहेर कशाला शोभा. त्यांना त्याच घरात राहायचं होतं, त्यांचंही बरोबर. लेक त्यांच्या पाया न पडता बाहेर पडली. हे आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा झालं.

मग तिने बेकरीच्या मालकांना दुसरं उत्तर लिहायला घेतलं. मी शेजारी बसून होतो. पहिल्या फोटोत मक्याची भरड आणि सोंडे दिसतात. या गिरणीत मका दळला जात नाही. अख्खा सोंड्या चाळणीतून जाऊ शकत नाही. म्हणून किडे पोतं भरल्यावर आत गेले आहेत, आणि माझं पहिलं उत्तर घाईचं होतं. सगळं स्वच्छ, मुद्देसूद. माझ्या जिवात जीव येत होता. तेवढ्यात तिने पुढची ओळ लिहिली. गिरणीच्या तपासणीत मैदा वर नेणाऱ्या पट्ट्याच्या पेटाऱ्यात पिठातल्या पतंगाची लागण आढळली, भुंगेरा एकही आढळला नाही, आणि तो पेटारा आता साफ केला आहे.

मी म्हटलं, ही ओळ काढ. तुला कुणी विचारलंय का? मी हात जोडले. खरंच जोडले. माझी माणसं कामावरून जातील म्हटलं, पतंगाचा आणि त्या पोत्याचा काय संबंध? ती म्हणाली की संबंध नाही म्हणूनच लिहायला हवं, नाहीतर पतंग सापडला असताना भुंगेरा सापडला नाही हे कुणाला कळणार? तिच्या दृष्टीने तो माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा होता. आणि एकदा अर्धं दाखवून फसले आहे, म्हणाली, आता अर्धं दाखवणार नाही. तिने ते सगळं पाठवून दिलं.

बेकरीच्या मालकांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं. चांगली वागणूक दिली, बसायला सांगितलं. त्यांनी दुसरं उत्तर छापून समोर ठेवलं होतं. म्हणाले, ताई, तुम्ही यांच्या पत्नी आहात हे मला तुमच्या भावाकडून कळलं. पहिलं उत्तर तुम्ही दिलंत तेव्हा पोतं कुणाचं हे तुम्हाला माहीत नव्हतं. दुसरं दिलंत तेव्हा माहीत होतं. आता तुम्हीच सांगा, मी कुठलं खरं धरू?

ती म्हणाली, फोटो तोच आहे, तुम्हीच बघा. त्यांनी बघितला. पिवळं काहीतरी दिसतंय म्हणाले, कोंडाही असेल. मग त्या पतंगाच्या ओळीवर बोट ठेवलं. "आणि गिरणीत कीड होती, हे तर तुम्हीच लिहिलंय."

मी बायकोकडे पाहिलं नाही. त्या क्षणी पाहिलं असतं तर फार वाईट नजरेने पाहिलं असतं. मला तिचा राग आला होता आणि तिचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं. माणसाला रागवायला काही जागा तरी हवी की नाही?

मेव्हण्याने तिच्या कंपनीच्या साहेबांच्या कानावरही घातलं, अगदी गोड शब्दांत, की बाई घरच्यांसाठी उत्तरं बदलतात. साहेबांनी तिला काढलं नाही. फवारणीच्या गाड्या कधी कुठे पाठवायच्या त्याच्या वेळा लावायला बसवलं. तिच्या खुर्चीवर एक नवीन मुलगी आली. ती त्या मुलीला शिकवून आली, सोंड कशी बघायची, नाणं का ठेवायचं. आणखीही एक गोष्ट शिकवायला गेली, आधी सगळा फोटो बघ म्हणून. साहेबांनी मध्येच थांबवलं. म्हणाले, आपल्याला किड्याचे पैसे मिळतात, इतर भानगडी नकोत.

गिरणी बंद झाली नाही, पण ती आता गिरणी राहिली नाही. रोलर झाकून ठेवले आहेत. पुढच्या खोलीत चक्की टाकली आहे, घरोघरचे डबे दळून देतो. जुने कामगार गेले. त्यातला एक मेव्हण्याच्या गोदामावर पोती उचलतो आणि मला रस्त्यात भेटला की दुसऱ्या बाजूला बघतो. मेव्हण्याचा मैदा बेकरीत जातो. आम्हीही पाव तिथलाच खातो, गावात दुसरी बेकरी आहे कुठे?

परवा रविवारी बायको दुपारी चक्कीवर बसली होती. फोन वाजला. सासूबाईंनी फोटो पाठवला होता. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. तांदळाचा उघडा डबा, आणि खाली लिहिलं होतं, बाळा, हे काय झालंय गं?

मी तिच्या मागे उभा होतो. तिने फोटो मोठा केला, पण डब्यापासून सुरुवात केली नाही. आता ती कुठल्याही फोटोत आधी कडा बघते. डबा मैद्याच्या पोत्यावर ठेवला होता. गोदामात जागा पुरत नसल्याने मेव्हण्याने पोती घरातही रचलेली दिसत होती, बेकरीला जाणारी, नव्या छापाची. पोत्यांच्या शिवणीवर जाळीचे बारीक पांढरे धागे होते. मागच्या भिंतीवर, छताच्या कोपऱ्याकडे, माझ्या पेटाऱ्यात होत्या तशाच मळकट पांढऱ्या अळ्या चढत होत्या. मोठ्या झालेल्या अळ्या अशाच खाणं सोडून वर चढतात, कोष करायला जागा शोधत. ते मला आता कुणी सांगायला नको होतं.

ती तो कोपरा बराच वेळ बघत होती. मग फोटो सरकवून डब्यावर आली आणि आईला लिहिलं. सोंडे आहेत. तांदूळ चाळून घे, थोडे दिवस फ्रीझरमध्ये ठेव. डबा पुसून उन्हात वाळव आणि मगच भर. तब्येतीला जप.

"भिंतीवरचं सांगितलं नाहीस," मी म्हटलं.

"आईने डब्याचं विचारलं," ती म्हणाली आणि पुढचा गहू चक्कीत ओतला.

मला आनंद व्हायला हवा होता. महिनोन्महिने मी अशाच एखाद्या गोष्टीची वाट पाहत होतो. पण ज्या बाईपुढे मी एक ओळ काढ म्हणून हात जोडले होते, आणि जी ती ओळ काढायला तयार झाली नव्हती, ती त्या दुपारी माझ्या शेजारी नव्हती. मला तीच हवी होती. हे मी तिला सांगितलं नाही.

आठ-पंधरा दिवसांत बेकरीत पोती उघडली जातील. स्टोअरकीपर फोटो काढून त्याच नंबरवर पाठवील. तिथली नवीन मुलगी त्याला सांगेल की त्यातली एकच अळी पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी एक नाणं ठेवा आणि जवळून फोटो काढा.